परिचयाचे वाक्य लिहिण्यापूर्वीचे प्रश्न : एका श्रवणतज्ज्ञांचे प्रकरण

शालेय शिक्षकांच्या एका परिषदेत लहान मुलांच्या ऐकण्याच्या अडचणींवर एक सत्र होते आणि त्यासाठी एका श्रवणतज्ज्ञ बाईंना वक्त्या म्हणून बोलावले होते. कार्यक्रमपुस्तिकेसाठी त्यांचा सुमारे ऐंशी शब्दांचा, तृतीय पुरुषात लिहिलेला परिचय हवा होता. सूत्रसंचालकाला व्यासपीठावरून वाचण्यासाठी त्याचीच पंचवीस शब्दांची आवृत्ती हवी होती. पुस्तिकेचे संपादन माझ्याकडे असल्यामुळे त्यांचा मूळ मजकूर, त्यावर त्यांनी स्वतःलाच विचारलेले प्रश्न आणि अखेरचा परिचय असे तिन्ही टप्पे मला पाहता आले. व्यक्तीची आणि संस्थेची ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत आणि आकडेही नमुन्यादाखल घेतले आहेत. प्रश्नांचा क्रम आणि प्रत्येक उत्तराने मजकुरात घडवलेला बदल मात्र जसा होता तसा मांडला आहे.

बाईंनी प्रथम पाठवलेला मजकूर असा होता : “लहान मुलांच्या श्रवणक्षमतेच्या क्षेत्रात पंधरा वर्षांहून अधिक प्रदीर्घ अनुभव असलेल्या या नामवंत श्रवणतज्ज्ञ अत्यंत तळमळीने कार्यरत आहेत. हजारो बालकांच्या बहिरेपणाचे निदान करून त्यांनी असंख्य कुटुंबांना दिलासा दिला आहे. शालेय श्रवण तपासणी सुरू करणाऱ्या त्या पहिल्या तज्ज्ञ असून त्यांच्या कार्याचा मानाच्या पुरस्काराने गौरव झाला आहे. विविध परिषदांमध्ये त्यांनी शोधनिबंध सादर केले आहेत.”

भाषेच्या दृष्टीने या मजकुरात दुरुस्त करण्यासारखे फारसे काही नव्हते. असे परिचय आपण सर्वांनी शेकड्यांनी वाचले आहेत आणि बहुधा लिहिलेही आहेत. अडचण अशी होती की यातले एकही विधान त्या स्थितीत तपासून पाहता येत नव्हते, आणि ज्या शिक्षकांपुढे त्या बोलणार होत्या, त्यांना या सत्राला का बसावे हे त्यातून कळत नव्हते. मजकूर घासूनपुसून लहान करण्याऐवजी तो पूर्ण बाजूला ठेवावा, कोऱ्या कागदावर आधी केवळ तथ्ये उतरवावीत आणि वाक्य लिहायला मुळीच घाई करू नये, असे ठरले. कागदावर तीन रकाने होते : प्रश्नाचे उत्तर, ते उत्तर कोणत्या नोंदीवरून दाखवता येईल, आणि वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण दुसरा रिकामा राहिलेले उत्तर परिचयात घ्यायचे नाही, एवढा एकच नियम होता.

वाचणारा कोण, आणि वाचून तो काय ठरवणार

स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न स्वतःविषयी नसतो. ‘मी कोण आहे’ येथून सुरुवात केली की पदव्या, पदे आणि वर्षे यांची रांग लागते, कारण आपल्या स्मरणात ती त्याच क्रमाने साठवलेली असतात. बाईंनी पहिल्या ओळीत लिहिले : “प्राथमिक शाळेतले शिक्षक आणि मुख्याध्यापक, एकाच वेळी चालणाऱ्या तीन सत्रांपैकी कोणत्या दालनात जायचे हे ते पुस्तिका चाळताना ठरवतील.” या एका उत्तराने पुढच्या सगळ्या उत्तरांची निवड सोपी झाली. परिषद श्रवणतज्ज्ञांची असती, तर त्या कोणती उपकरणे वापरतात आणि कोणत्या विषयावर त्यांचे संशोधन आहे हे पुढे आले असते. शिक्षकाला मात्र एवढेच पाहायचे असते की या बाईंनी माझ्या वर्गातल्यासारखी मुले पाहिली आहेत का, आणि उद्या मला उपयोगी पडेल असे काही त्या सांगतील का.

हा प्रश्न आधी विचारण्याचा आणखी एक फायदा असा की कोणती तथ्ये खणून काढण्यासाठी वेळ खर्च करायचा हे त्यामुळे कळते. शोधनिबंधांची यादी जुळवण्यात बाईंची एक अख्खी संध्याकाळ गेली असती. वाचणारे शिक्षक आहेत हे पक्के झाल्यावर तो विषय त्यांनी एका ओळीत मिटवला.

नेमके क्रियापद कोणते

दुसरा प्रश्न होता : मी प्रत्यक्षात काय करते? उत्तरात नाम चालणार नाही, क्रियापद हवे, आणि ते असे हवे की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते काम होताना दिसले पाहिजे. ‘कार्यरत आहे’, ‘योगदान देते’, ‘जनजागृती करते’ ही क्रियापदे या कसोटीवर उतरत नाहीत, कारण ती करताना माणूस कसा दिसतो हे कुणालाच सांगता येत नाही.

बाईंनी आपला शाळेतला दिवस लिहून काढला. शाळेतली त्यातल्या त्यात शांत खोली निवडायची, मुलाच्या कानांवर हेडफोन लावायचे, आवाज ऐकू आला की हात वर करायचा किंवा लाकडी ठोकळा डब्यात टाकायचा हे त्याला खेळ म्हणून शिकवायचे, मग १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या स्वरांवर २० डेसिबल पातळीचा आवाज प्रत्येक कानाला ऐकवायचा आणि प्रतिसाद मिळाला की नाही याची नोंद करायची. एखाद्या स्वराला प्रतिसाद मिळाला नाही, तर मुलाला पुढच्या सविस्तर तपासणीसाठी पाठवायचे.

हे लिहिताना त्या स्वतःच थांबल्या. आधीच्या मजकुरात ‘निदान करून’ असे म्हटले होते. येथे तर निदान कुठेच नव्हते. शाळेत होते ती चाळणी असते. ज्यांना पुढे तपासायला हवे अशी मुले तीतून वेगळी काढली जातात. ऐकण्यात दोष आहे का, असला तर किती आणि कशामुळे, हे नंतरच्या तपासण्यांनी ठरते. लहान मुलांमध्ये कानाच्या पडद्यामागे द्रव साचल्यामुळेही ऐकू कमी येते आणि त्यातली बरीच मुले काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. अशा मुलाला चाळणीच्या दिवशी प्रतिसाद देता आला नाही म्हणून ‘बहिरेपणाचे निदान झाले’ असे म्हणणे सरळ चूक ठरेल. परिषदेला दुसरे श्रवणतज्ज्ञ आले असते, तर त्या एका शब्दाने संपूर्ण परिचयावरचा त्यांचा विश्वास उडाला असता. विशेषणांचा अतिरेक वाचणारा माणूस मोठ्या मनाने सोडून देतो. चुकीचे क्रियापद मात्र जाणकार वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

आकडा कशाचा

या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ ‘हजारो’ या शब्दाने घेतला आणि तो घेण्यासारखाच होता. प्रश्न वरवर साधा दिसतो : किती? पण उत्तर लिहायला बसल्यावर त्याचे आणखी तीन प्रश्न होतात. मोजले काय, मोजले कोणी, आणि कधीपर्यंतचे.

बाईंकडे उपक्रमाची नोंदवही होती आणि तीत ३,२६० नोंदी होत्या. हा आकडा पाहिल्यावर ‘हजारो’ हा शब्द खराच ठरतो असे कुणालाही वाटेल. पण नोंदवहीची एक ओळ म्हणजे एक तपासणी होती, एक मूल नव्हे. पहिल्या वेळी प्रतिसाद न दिलेल्या मुलांची त्याच शाळेत काही दिवसांनी पुन्हा तपासणी होत असे, सर्दी झालेल्या मुलांना नंतर बोलावले जात असे, आणि काही मुले पुढच्या वर्षी वरच्या इयत्तेत पुन्हा तपासली गेली होती. अशा पुन्हा आलेल्या ७८० नोंदी वगळल्यावर वेगवेगळी मुले २,४८० निघाली.

मग दुसरा उपप्रश्न. नोंदवहीत शेवटच्या रकान्यात तपासणाऱ्याची सही असते. त्या सह्या पाहिल्यावर बाईंनी स्वतः तपासलेली मुले सुमारे ९०० भरली. उरलेल्यांची तपासणी त्यांच्या देखरेखीखाली पथकातल्या इतरांनी केली होती. येथे दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांचे कर्ते वेगळे आहेत. ‘त्यांनी २,४८० मुलांची तपासणी केली’ हे विधान खोटे. ‘त्या प्रमुख असलेल्या उपक्रमात २,४०० हून अधिक मुलांची तपासणी झाली’ हे खरे. त्यांचा मूळ मजकूर लबाडीने लिहिलेला मुळीच नव्हता. ‘माझा उपक्रम’ आणि ‘मी’ यांतली रेषा रोजच्या बोलण्यात पुसट असते आणि परिचय लिहिताना ती तशीच उतरते, एवढाच त्याचा अर्थ.

पूर्ण आकड्याऐवजी ‘२,४०० हून अधिक’ असे लिहिण्याचे कारणही तेथेच ठरले. नोंदवही मार्चअखेरपर्यंतची होती, पुस्तिका त्यानंतर काही महिन्यांनी लोकांच्या हाती पडणार होती आणि दरम्यान तपासण्या चालूच राहणार होत्या. खालच्या शंभरापर्यंत आणलेला आकडा ‘हून अधिक’ या शब्दांसह पुढेही खरा राहतो. नेमका आकडा मात्र छापून होईपर्यंत जुना होतो.

अशीच तपासणी ‘पंधरा वर्षांहून अधिक’ या शब्दांचीही झाली. बाईंनी पदवी २००९ मध्ये घेतली, रुग्णालयातले काम २०११ मध्ये सुरू केले, २०१५ ते २०१७ या काळात घरच्या कारणांनी काम थांबवले आणि शालेय उपक्रम २०१८ पासून सुरू केला. पंधरा वर्षे कोठून मोजायची? पदवीपासून मोजली तर काम न केलेला काळही धरला जातो, आणि प्रत्यक्ष कामाची वर्षे मोजली तर पंधरा भरत नाहीत. खंड पडला यात लपवण्यासारखे काही नाही, पण ऐंशी शब्दांत त्याचा खुलासा करण्याचीही गरज नाही. त्यावरचा उपाय म्हणजे वर्षांची बेरीज सोडून सुरुवातीचे साल लिहिणे, आणि तेही ज्या कामाविषयी सत्र आहे त्या कामाचे. ‘२०१८ पासून शालेय श्रवण तपासणी’ हे वाक्य सलग, खरे आणि विषयाला धरून आहे. शिवाय वर्षांची बेरीज दर वर्षी बदलावी लागते, साल एकदा लिहिले की तसेच राहते.

हे खोटे ठरवायला काय लागेल

‘पहिल्या तज्ज्ञ’ या विधानासाठी बाईंनी वेगळा प्रश्न घेतला आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नावलीतला तो सर्वांत धारदार आहे : हे विधान खोटे ठरवायला कोणाकडे कोणती माहिती असावी लागेल? ‘पहिल्या’ हे खोडून काढायला आधीचे एकच उदाहरण पुरते, आणि ते उदाहरण अस्तित्वात नाही हे सिद्ध करायला मात्र सगळीकडच्या नोंदी चाळाव्या लागतील. शाळांमधल्या श्रवण तपासण्या जगात अनेक दशकांपासून होत आहेत. तेव्हा विधानाची कक्षा जिथपर्यंत नोंद पोहोचते तिथपर्यंत आणावी लागली : त्या ज्या रुग्णालयात काम करतात, तेथे हा उपक्रम त्यांच्या प्रस्तावावरून सुरू झाला. प्रस्तावाची तारीख घातलेली प्रत त्यांच्याकडे होती. रुग्णालयाबाहेरच्या कोणाला ‘पहिल्या’पेक्षा हे लहान वाटेल, पण याला कुणी हात लावू शकत नाही.

पुरस्काराचेही असेच झाले. मानपत्र काढून पाहिले तेव्हा त्यावर पथकाचे नाव होते. ‘पुरस्कारप्राप्त पथकाच्या प्रमुख’ असे लिहिता आले असते, पण तिसऱ्या रकान्यात शिक्षकाला त्याचा उपयोग काय हे लिहिता येईना, म्हणून ते वगळले. शोधनिबंधही त्याच कारणाने गळले.

विशेषणाच्या जागी कृती

‘अत्यंत तळमळीने’ हे शब्द खोडणे सोपे होते, पण सरळ खोडले असते तर त्यामागचे खरे तथ्यही गेले असते. माणूस स्वतःविषयी एखादे विशेषण वापरतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा एखादी ठोस गोष्ट असते. ती त्याला सांगता येत नाही म्हणून विशेषण येते. म्हणून प्रश्न असा घातला : ही तळमळ कोणत्या कृतीत दिसते, आणि ती कृती माझ्या जागी दुसरे कुणी असते तर झालीच असती का?

बाईंचे उत्तर बराच वेळ आले नाही. मग त्यांनी लिहिले की शाळेतल्या तपासणीत शंका आलेल्या मुलांपैकी पुष्कळ मुले पुढच्या तपासणीला रुग्णालयात येतच नाहीत. चिठ्ठी दप्तरात राहते, पालकांना मूल नीट बोलताना दिसते म्हणून निकड वाटत नाही, आणि काही आठवड्यांनी सगळेच विसरतात. हा जगभरातल्या अशा तपासण्यांचा जुना दुखरा भाग आहे : चाळणी होते, पाठपुरावा होत नाही. त्यांच्या पथकाने चिठ्ठी मुलाच्या हाती देणे बंद केले. वर्गशिक्षकाकडे यादी द्यायची, शिक्षकाने पालकांशी बोलायचे, आणि ठरलेल्या दिवसापर्यंत मूल आले नाही तर पथकातल्या कुणीतरी शाळेला फोन करायचा, अशी पद्धत त्यांनी बसवली. पहिल्या काही महिन्यांत हे फोन बाई स्वतः करत असत.

संपूर्ण परिचयातले सर्वांत मोलाचे तथ्य हे निघाले, आणि मूळ मजकुरात त्याचा मागमूसही नव्हता. शिक्षकाला यात आपली जागा दिसते. येथे एक मोह मात्र आवरावा लागला. पद्धत बदलल्यावर परत येणाऱ्या मुलांचे प्रमाण दुप्पट झाले, असे नोंदी वरवर पाहता दिसत होते. पण बदलापूर्वीचा आकडा एकाच शाळेचा आणि मोजक्या मुलांचा होता, नंतरचा अनेक शाळांचा. दोन्हींची तुलना करून ‘दुप्पट’ म्हणणे नोंदींना न पेलणारे होते. म्हणून पद्धत बसवली एवढेच लिहायचे ठरले, तिचा परिणाम लिहायचा नाही.

येथेच या प्रश्नावलीची मर्यादाही दिसली. ‘कोणत्या नोंदीवरून दाखवता येईल’ हा रकाना कडक असल्यामुळे ज्या कामाची नोंदच होत नाही ते काम गळून जाते. बाईंनी नव्या सहकाऱ्यांना लाजऱ्या मुलाशी कसे बोलावे हे शिकवले होते आणि त्यांच्या स्वतःच्या मते तेच त्यांचे सर्वांत चांगले काम होते. त्याला ना कागद होता ना आकडा. ते परिचयात आले नाही. सत्रात त्या त्यावर बोलतील असे ठरले. परिचय जास्त लांब असता, उदाहरणार्थ संस्थेच्या संकेतस्थळासाठी दोनशे शब्दांचा, तर एखाद्या सहकाऱ्याला विचारून, त्याच्या संमतीने हे तथ्य घेता आले असते.

शेवटचा प्रश्न परवानगीचा होता आणि त्याला फार वेळ लागला नाही. रुग्णालयाचे नाव छापण्यापूर्वी त्यांनी कार्यालयाची लेखी संमती घेतली. एका विशिष्ट मुलीची गोष्ट परिचयात घालण्याचा विचार त्यांनी स्वतःहून सोडला, कारण इयत्ता आणि शाळेचा उल्लेख आला असता तर नाव न देताही ती ओळखू आली असती.

कागदावरून वाक्यांकडे

दोन्ही बाजू भरलेल्या त्या कागदावर अखेरीस वीसेक तथ्ये होती. त्यांतली सहा घेतली. वाक्ये लिहायला अर्धा तासही लागला नाही, आणि मजकूर असा झाला :

“लहान मुलांच्या श्रवण तपासणीचे काम करणाऱ्या श्रवणतज्ज्ञ. त्यांच्या प्रस्तावावरून २०१८ मध्ये रुग्णालयाने शालेय श्रवण तपासणीचा उपक्रम सुरू केला आणि तेव्हापासून त्या त्याच्या प्रमुख आहेत. या उपक्रमात पहिली ते चौथीच्या २,४०० हून अधिक मुलांची प्राथमिक तपासणी झाली आहे. शंका आलेले मूल पुढच्या तपासणीपर्यंत पोहोचावे म्हणून वर्गशिक्षकांच्या मदतीने पाठपुरावा करण्याची पद्धत त्यांच्या पथकाने बसवली. वर्गात लक्ष देत नाही असे वाटणाऱ्या मुलाला श्रवण तपासणीसाठी केव्हा पाठवावे, हा त्यांच्या सत्राचा विषय आहे.”

छापील पुस्तिकेत ‘रुग्णालयाने’ या शब्दाआधी संस्थेचे नाव होते. आधीच्या मजकुराच्या मानाने यात प्रशंसा कमी आहे आणि काही वाचकांना तो कोरडाही वाटेल. बाईंना स्वतःलाही आधी तसे वाटले. त्यांनी एक ‘नामवंत’ परत घालून पाहिला, दुसऱ्या रकान्यात त्यासमोर काय लिहावे याचा विचार केला आणि काढून टाकला.

पंचवीस शब्दांच्या आवृत्तीसाठी तथ्ये नव्याने निवडावी लागली, केवळ कापून भागले नाही. कानांनी ऐकणाऱ्याला सालांपेक्षा आणि आकड्यांपेक्षा काम आणि विषय लक्षात राहतो; त्यामुळे २०१८ आणि २,४०० दोन्ही गेले. सूत्रसंचालकाने वाचले ते असे : “आपल्या आजच्या वक्त्या श्रवणतज्ज्ञ असून शाळांमध्ये जाऊन लहान मुलांची श्रवण तपासणी करणाऱ्या पथकाच्या प्रमुख आहेत. ऐकू कमी येणारी मुले शिक्षकांनी वेळीच कशी ओळखावीत, यावर बोलतील.”

मूळ कागद बाईंनी तारीख घालून जपून ठेवला आहे. त्यातल्या ज्या ओळी काळाबरोबर बदलणार, म्हणजे मुलांची संख्या, प्रमुखपद आणि इयत्तांची कक्षा, त्यांच्यासमोर त्यांनी पेन्सिलीने खूण केली आहे. पुढचा परिचय मागितला गेला की आधी तेवढ्याच ओळी नोंदवहीशी ताडून पाहायच्या, बाकीच्या तशाच घ्यायच्या, असे त्यांनी ठरवले आहे.